एकास दीड तीन आणि न मोजलेलं पाणी

स्लॅबच्या दिवशी साइटवर सगळ्यात कडक हिशेब असतो तो सिमेंटच्या गोण्यांचा. घरमालक खुर्ची टाकून बसलेला असतो, रिकाम्या गोण्या एका बाजूला रचून ठेवलेल्या असतात आणि संध्याकाळी त्या मोजूनच ठेकेदाराचा आणि मालकाचा हिशेब मिटतो. सिमेंट महाग आहे, चोरीला जाऊ शकतं, म्हणून त्याच्यावर दहा डोळे असतात. वाळूच्या ढिगावर मात्र एकही डोळा नसतो. पाण्याचं तर विचारूच नका, पाइप मिक्सरच्या तोंडात सोडलेला असतो आणि माल कसा दिसतो त्यावरून तो बंद होतो. काँक्रीट कमजोर निघालं की पहिला संशय ‘सिमेंट कमी टाकलं’ असा येतो. माझ्या मते साध्या बांधकामांवर हा संशय बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर जातो. गोण्या बरोबर पडलेल्या असतात, बिघडतं ते वाळू आणि पाणी यांच्या मापात.

हे माप ज्यांच्या हातात असतं, ते हेल्पर. मिक्सर सुरू होण्याआधी फोरमन त्यांना गोळा करून पाच-दहा मिनिटं बोलतो. मोठ्या साइटवर याला टूलबॉक्स टॉक किंवा नुसतं ‘टीबीटी’ म्हणतात. ही पद्धत सुरक्षेसाठी आली आणि अजूनही तिथेच अडकली आहे. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, लिफ्टखाली उभे राहू नका, हे सगळं सांगून होतं, ते सांगायलाच हवं. मापाबद्दल शेवटी एकच वाक्य येतं, ‘माप बरोबर टाका रे.’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण हेल्पर माप बरोबरच टाकत असतो. त्याला एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी सांगितलेली असते आणि तो तेवढे फर्मे मोजून टाकतो. चूक फर्म्यांच्या संख्येत नसते, फर्म्याच्या आत काय आहे त्यात असते. म्हणून त्या दहा मिनिटांत नेमकं काय सांगायला हवं, मानकं काय म्हणतात आणि साइटवर प्रत्यक्षात काय होतं, हे एकदा सलग तपासून पाहणं गरजेचं आहे.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. दुमजली घराचा स्लॅब, बीमसकट अंदाजे १० घनमीटर काँक्रीट, एम-२० ग्रेड, प्रमाण एकास दीड तीन. या प्रमाणात एका घनमीटरला सांडलवंड धरून साधारण ८ गोण्या लागतात, म्हणजे ८० गोण्या. एका गोणीच्या मिक्सरवर ८० बॅच. ५० किलोच्या गोणीतलं सिमेंट जवळपास ३५ लिटर जागा व्यापतं, म्हणून फर्माही ३५ लिटरचाच असतो. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच अशी लोखंडी किंवा लाकडी पेटी केली की नेमका ३५ लिटर भरतो. मग एका बॅचला एक गोणी सिमेंट, साडेबावन्न लिटर वाळू आणि १०५ लिटर खडी. खडी बहुतेक ठिकाणी दोन फर्मे २० एमएमची आणि एक फर्मा १० एमएमची अशी विभागून घेतात. पाणी २५ लिटर धरू, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या निम्मं.

भारतीय मानक आयएस ४५६ हे असं आकारमानाने मोजणं खुशीने मान्य करत नाही. वजनाने मोजणं शक्य नसेल तरच ते चालेल, आणि तेही प्रत्यक्ष वापरातल्या वाळू-खडीचं एका लिटरला वजन किती भरतं हे आधी काढून ठेवलेलं असेल तर, असं त्यात म्हटलं आहे. शिवाय ओल्या वाळूच्या फुगण्याची भरपाई करा, असंही बजावलं आहे. छोट्या साइटवर यातलं पहिलं वाक्य सोयीने वाचलं जातं आणि बाकीची विसरली जातात.

आधी फर्म्याकडे पाहू, कारण ही चूक डोळ्यांना दिसते आणि एका दिवसात सुटते. हेल्पर फर्मा भरतो तेव्हा वर शीग राहते. सरासरी तीन सेंटिमीटरची शीग असेल तर ४० बाय ३५च्या तोंडावर ती चार लिटरच्या वर जाते, म्हणजे फर्म्यामागे बारा टक्के जास्त माल. तोच फर्मा ३० बाय ३० तोंडाचा आणि ३९ सेंटिमीटर खोल केला तर क्षमता तीच राहते, पण तेवढीच शीग पावणेतीन लिटरची होते. म्हणून फर्मा अरुंद तोंडाचा आणि खोल असावा, हे जुने मिस्त्री सांगतात त्यात अर्थ आहे. मात्र तो उचलायला अवघड जातो, म्हणून साइटवर बसक्या पेट्याच जास्त दिसतात. बसकी पेटी ठेवायची असेल तर तिच्यासोबत एक सरळ फळी हवीच. फर्मा भरला की फळी काठावरून ओढायची. दाबायचं नाही, ठोकायचं नाही, फक्त शीग काढायची.

घमेल्याने मोजणं हा याहून मोठा गोंधळ. घमेल्याचा आकार ठरलेला नसतो, त्यातलं प्रत्येक घमेलं वेगळं चेपलेलं असतं आणि सकाळी आठ वाजता शीग लावून भरणारा हात दुपारी तीन वाजता काठापर्यंतसुद्धा भरत नाही. यात कामचुकारपणा नाही, माणूस थकतो. ‘एका गोणीला इतकी घमेली’ असा हिशेब धरला की सकाळचा आणि दुपारचा माल एकाच स्लॅबमध्ये दोन प्रकारचा होतो. घमेलं वाहून नेण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही.

दीड फर्म्यातला ‘अर्धा’ हाही असाच नजरेचा. त्यापेक्षा वाळूसाठी वेगळा, पावणेएकोणीस सेंटिमीटर उंचीचा फर्मा केला तर त्याचे दोन भरून बरोबर साडेबावन्न लिटर होतात. तोच मोठा फर्मा वापरायचा तर आतल्या बाजूला रेघ मारून ठेवावी. सिमेंट मात्र फर्म्याने कधीच मोजायचं नाही. मोकळं सिमेंट पाखडल्यासारखं हलकं होतं आणि दाबलं की जड होतं, त्यामुळे त्याच ३५ लिटरमध्ये कधी ५० किलोला बरंच कमी भरतं, कधी जास्त. बॅच पूर्ण गोणीचीच असावी. शेवटी अर्धी बॅच लागली तर अर्धी गोणी काट्यावर तोलून घ्यावी.

खरा घोळ वाळूत आहे, आणि तिथे थोडं थांबावं लागेल.

कोरडी वाळू आणि ओलसर वाळू एकाच फर्म्यात भरली तर ओलसर वाळूचं वजन कमी भरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण ओलसर वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि त्या थराचा ताण कणांना एकमेकांपासून थोडं दूर धरून ठेवतो. ढीग फुगतो. साधारण पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना हा फुगवटा सर्वांत जास्त असतो. मध्यम वाळूत तो वीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो, बारीक वाळूत त्याहूनही वर. क्रश सँडचंही हेच होतं. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यावर महाराष्ट्रात सगळीकडे क्रश सँड आली तेव्हा काहींना वाटलं की ती खाणीतून कोरडी येते, म्हणजे ही कटकट संपली. पण धुतलेली सँड ओलीच येते आणि कोरडी आलेली एका पावसात ओली होते.

आपल्या स्लॅबवर हिशेब करून पाहू. वाळू पंचवीस टक्के फुगलेली आहे असं धरा. हेल्परने काठोकाठ दीड फर्मा वाळू टाकली, शीगही काढली. त्याच्याकडून काहीच चुकलं नाही. तरी त्या साडेबावन्न लिटरमध्ये खरी वाळू फक्त ४२ लिटरची आहे. पाचवा हिस्सा हवाच. प्रत्येक बॅचला साडेदहा लिटर वाळू कमी पडली. तेवढ्या वाळूचे घट्ट कण सहा लिटरच्या आसपास जागा भरतात, म्हणजे प्रत्येक बॅचमधून सहा लिटर काँक्रीट कमी निघालं. ८० बॅचमध्ये हे अर्धा घनमीटर होतं, आणि अर्धा घनमीटर म्हणजे चार गोण्या. संध्याकाळी स्लॅबचा एक कोपरा उरतो, मुकादम म्हणतो ‘माल कमी पडला’, मालक म्हणतो ‘सिमेंट कुठे गेलं?’ आणि दोघेही खरं बोलत असतात.

पण चार गोण्यांचं नुकसान हा या चुकीचा स्वस्त भाग झाला. वाळू कमी पडली की माल खरबरीत होतो. खडीच्या फटी भरायला पुरेसा मसाला नसतो, फावडं मारलं की खडी खडखडते. वर स्लॅबवर उभा असलेला गवंडी हे पाहतो आणि खाली ओरडतो, ‘माल घट्ट आहे, पाणी वाढव!’ मिक्सरवाला पाइप आणखी चार सेकंद धरतो. माल सैल होतो, सगळ्यांना बरं वाटतं. म्हणजे वाळूची चूक पाण्याने झाकली गेली.

आता पाण्याचा हिशेब. त्या ४२ लिटर वाळूचं वजन सदुसष्ट किलोच्या आसपास आणि पाच टक्के ओल म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी. हे पाणी कुणी ओतलेलं नाही, ते वाळूच्या अंगावर आलं. त्यावर ठरलेलं २५ लिटर पडलं, झालं साडेअठ्ठावीस. गवंड्याच्या ओरडण्यावर आणखी तीन लिटर गेलं, झालं साडेएकतीस. खडी उन्हात तापलेली असेल तर ती थोडं पिऊन घेते, तो लहान भाग सोपेपणासाठी सोडू. ठरलं होतं सिमेंटच्या वजनाच्या ०.५० पट पाणी, पडलं ०.६३ पट. एम-२०च्या लोखंडी कामाला, साध्या हवामानातसुद्धा, आयएस ४५६ने ०.५५ ही कमाल मर्यादा घातली आहे, म्हणजे गोणीला साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात वाळूच्या अंगावरचं पाणीही धरायचं असतं.

पाणी वाढलं की ताकद किती उतरते, हे शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्रॅम्स यांनी १९१८ साली मांडलं आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. माल नीट दाबता येत असेल तोवर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. त्यांच्या मूळ सूत्राने ०.५० वरून ०.६३ वर गेलं की ताकद जवळजवळ एक तृतीयांश उतरते. नीट मोजलेल्या मालाचा क्यूब २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २७ न्यूटन देणार असेल, तर हा माल १८-१९ देईल. एम-२० नावाचा स्लॅब एम-२० राहिला नाही, आणि सिमेंटची एकही गोणी कमी पडलेली नव्हती.

आणखी एक गुंतागुंत पावसाळ्यात येते, आणि अनुभवी माणसंही तिथे फसतात. वाळू ओलसर असताना फुगते, पण पूर्ण भिजून निथळायला लागली की कण पुन्हा खाली बसतात आणि फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे मुसळधार पावसानंतर दीड फर्मा वाळू खरोखरच दीड फर्म्याच्या जवळ असते, मात्र तिच्या अंगावर पाणी सर्वांत जास्त असतं. आयएस ४५६च्या तक्त्यात खूप ओल्या वाळूसाठी साडेसात टक्के ओल दिली आहे, घनमीटरला १२० लिटर. आपल्या बॅचला ते सहा लिटरच्या वर जातं. सकाळी ओलसर असलेल्या वाळूसाठी केलेली भरपाई दुपारच्या सरीनंतर तशीच चालू ठेवली तर वाळूही जास्त पडेल आणि पाणीही. म्हणून ढिगावर ताडपत्री हवी, आणि पाऊस पडून गेला की वाळू पुन्हा तपासायलाच हवी.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ भिंतीचं, आरपार दिसणारं भांडं घ्या. ढिगाच्या मधली वाळू, वरचा सुकलेला थर बाजूला करून, त्यात अलगद, न दाबता २० सेंटिमीटरपर्यंत भरा. ती बाहेर काढा, भांड्यात थोडं पाणी घ्या, वाळू परत टाका, काठीने ढवळा, वाळू पूर्ण पाण्याखाली जाऊन स्थिर होऊ द्या. आता उंची मोजा. ती १६ भरली तर २० भागिले १६ म्हणजे सव्वा, म्हणजे फुगवटा पंचवीस टक्के. मानकातली चाचणी हीच, तिथे काचेचं मोजपात्र आणि २०० मिलिलिटरची खूण असते इतकंच. वाळू आता दीड फर्म्याच्या सव्वा पट घ्यायची, म्हणजे साडेपासष्ट लिटर. हेल्परला ‘एक पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश फर्मा’ सांगून काही होणार नाही. त्याला सांगायचं, मोठे दोन फर्मे, पण दोन्ही काठापासून दीड सेंटिमीटर खाली. आत खडूने रेघ मारली की काम झालं. ही वाळू आपल्यासोबत चार लिटर पाणी आणते, म्हणून बादलीतलं पाणी पंचवीसवरून एकवीसवर आणायचं.

आता टूलबॉक्स टॉककडे परत येऊ. वरचा सगळा हिशेब फोरमनने करायचा आहे, हेल्परने नाही. हेल्परला फक्त त्या दिवसाचे तीन आकडे हवेत आणि एक नियम हवा. इथेच बहुतेक टॉक फसतात. एक तर नुसता उपदेश असतो, नाहीतर जलसिमेंट गुणोत्तरावर व्याख्यान. चांगला टॉक ऐकायला साधारण असा असतो. शब्द माझे आहेत आणि अर्ध्या साइटवर हेच हिंदीत सांगावं लागेल:

‘सगळे इकडं या, मिक्सरजवळ. मावशी, तुम्ही पण या, घमेली राहू द्या. आज ८० बॅच मारायच्यात. एका बॅचला एक गोणी, फाडून पूर्ण रिकामी करायची, झटकायची. खडी तीन फर्मे, दोन मोठी, एक बारीक. फर्मा भरला की ही फळी अशी ओढायची. बघा, एवढी खडी खाली पडली, ती आपल्या मापात नव्हती. वाळू आज ओली आहे. हे भांडं बघा, वीस भरली होती, पाण्यात बसून सोळा झाली. म्हणून आज वाळू दोन फर्मे, पण वरपर्यंत नाही, ह्या रेघेपर्यंत. पाणी ह्या बादलीनं. लाल खूण आहे तिथवर दोन बादल्या. पाइप ड्रममध्ये सोडायचा, मिक्सरमध्ये नाही. वरून कुणीही ओरडलं, गवंडी असो, मुकादम असो, की पाणी वाढव, तर वाढवायचं नाही. मला हाक मारायची. मी नसलो तर मिक्सर दोन मिनिटं थांबू दे, मी बघतो. पाऊस आला तर वाळू झाका आणि मला बोलवा, रेघ बदलावी लागेल. प्रत्येक बॅचला भिंतीवर खडूची एक रेघ, हे काम तुझं. आता दादा, तू सांग, वाळू कुठपर्यंत?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘तू भरून दाखव’ म्हटलं की कळतं. आणि ‘मला हाक मारायची’ हे त्याहून महत्त्वाचं. स्लॅबची टोळी बहुधा उक्त्या कामावर असते, लवकर संपवण्यात तिचा फायदा असतो आणि सैल माल लवकर पसरतो. अशा वेळी गवंड्याला ‘नाही’ म्हणायची ताकद रोजंदारीवरच्या हेल्परमध्ये नसते. फोरमनने ती जबाबदारी स्वतःवर घेतली नाही तर बाकी सगळं बोलणं वाया जातं. हाक आल्यावर फोरमनने काय करायचं तेही ठरलेलं हवं. आधी वाळूची रेघ आणि शीग पाहायची, कारण माल घट्ट असण्याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं. वाळू बरोबर असेल तर व्हायब्रेटर चालू आहे का पाहायचं. तरीही काम होत नसेल तर ठरवून घेतलेलं प्लास्टिसायझर, किंवा पाणी वाढवायचंच असेल तर त्याच प्रमाणात सिमेंटही. मिक्सर पूर्ण दोन मिनिटं फिरला का हेही बघायचं. अर्धवट मिसळलेला माल घट्ट दिसतो आणि त्यावर पाणी पडतं.

काम चालू असताना माप सुटतंय हे कळण्याचा एक सोपा मार्ग खडूच्या रेघांमध्येच आहे. एका बॅचमधून साधारण अष्टमांश घनमीटर माल निघतो. म्हणजे २० बॅचमध्ये अडीच घनमीटर, आणि १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब असेल, बीम आधीच भरून झालेले असतील, तर २० चौरस मीटर भरायला हवा. २० रेघा झाल्यावर टेप लावा. साडेअठराच भरला असेल तर वाळू कमी पडतेय, माल सांडतोय किंवा जाडी जास्त होतेय. बावीस-तेवीस भरला असेल तर खूश होऊ नका, शीग वाढली आहे, पाणी वाढलं आहे किंवा स्लॅब पातळ होतोय. ही तपासणी पाव काम झाल्यावर करता येते. क्यूबचा निकाल मात्र २८ दिवसांनी येतो, तोवर वरच्या मजल्याचे कॉलम उभे राहिलेले असतात. क्यूब भरावेतच, मानकाप्रमाणे ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूबचे. पण त्यांनी चूक सापडते, थांबत नाही.

डोळ्यांनी ओळखायच्या खुणाही आहेत. ओतलेल्या मालावर पाणी तरंगून येणं, सेंट्रिंगच्या फटींतून सिमेंटचं दूध गळणं, घमेल्यात खडी तळाला आणि मसाला वर असा वेगळा होणं, या पाणी जास्त झाल्याच्या खुणा. पाट्या काढल्यावर दिसणारं हनीकोम्ब बहुतेक वेळा वाळू कमी पडल्याने किंवा व्हायब्रेटर न लागल्याने येतं. मग त्यावर सिमेंटचा गिलावा मारून ते झाकलं जातं, आणि ते काम करणाराही बहुधा हेल्परच असतो.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात. पहिला, सगळं वजनाने मोजा. हा उपाय योग्य आहे आणि जिथे जमेल तिथे करावा, कारण त्यात फुगवट्याची भानगडच राहत नाही. पण ओल तिथेही जात नाही. ८४ किलो कोरडी वाळू हवी असेल तर पाच टक्के ओल असताना ८८ किलो तोलावी लागते आणि चार लिटर पाणी कमी करावं लागतं. काटा बसवला म्हणून ढिगाकडे पाहणं बंद केलं, तर पाण्याची चूक तशीच राहते, फक्त आता ती डिजिटल आकड्यांमागे लपते. दुसरा उपाय म्हणजे रेडीमिक्स मागवा. शहरात, मोठ्या कामाला, रस्ता रुंद असेल तर उत्तम. पण गावाकडे दोन घनमीटरचं फूटिंग भरायला ट्रक येत नाही, गल्लीत शिरत नाही. आणि ट्रक आला तरी पंपाजवळ उभा राहून पाइपने पाणी मारणारा माणूस तिथेही असतोच. रेडीमिक्सने मिक्सर साइटवरून हलवला, ‘पाणी वाढव’ ही हाक नाही हलवली.

काटेकोरपणाची किंमत मानकानेच आकड्यात सांगून ठेवली आहे, आणि या सगळ्या वादात ती फारशी कुणी काढत नाही. एम-२०साठी सरासरी ताकद २० धरून चालत नाही, कारण निम्मे क्यूब त्याखाली जातील. म्हणून चढउतार गृहीत धरून लक्ष्य वर ठेवतात. आयएस ४५६मध्ये एम-२०चा प्रमाणित विचलनाचा गृहीत आकडा ४ आहे, त्यामुळे लक्ष्य २६.६ येतं. पण तिथेच खाली टीप आहे. हा आकडा वजनाने मोजणं, पाणी ताब्यात ठेवणं, ओल तपासणं हे सगळं होत असेल तरच धरायचा. त्यात ढिलाई असेल तर एक न्यूटन वाढवायचा. मग लक्ष्य २८.२५वर जातं, आणि ते गाठायला प्रत्येक बॅचमध्ये जास्तीचं सिमेंट टाकावं लागतं. माप ढिलं ठेवायचं असेल तर त्याचं बिल सिमेंटच्या दुकानात भरावं लागतं, असा त्याचा सरळ अर्थ.

साध्या घराच्या साइटवर वजनकाटा येईल तेव्हा येईल. तोवर सरळ भिंतीचं एक भांडं, एक फळी, खूण केलेली एक बादली आणि पाण्याबद्दल बोलायचा अधिकार असलेला एक माणूस, एवढं जमवता येतं. ज्यांचं घर बांधून होतंय त्यांना एक विनंती. स्लॅबच्या दिवशी रिकाम्या गोण्या जरूर मोजा, पण खुर्ची उचलून मिक्सरजवळ, पाण्याच्या ड्रमशेजारी टाका. आणि सकाळी फोरमनला विचारा, ‘आज वाळू किती फुगली आहे?’ त्याच्याकडे आकडा नसेल, तर तो काढेपर्यंत मिक्सर सुरू करू देऊ नका.